नाव काचेवर, ऊन डोळ्यांत

वांद्रे स्टेशनला पश्चिमेकडे उतरून लिंकिंग रोडला लागलं की चपला, पर्स आणि कानातल्यांच्या दुकानांमधून गॉगलचे उभे स्टँड दिसू लागतात. हिल रोडच्या पदपथावरही तेच. प्रत्येक स्टँडच्या वरच्या ओळीत एकाच नावाचे गॉगल असतात: रेबॅन. काचेच्या कोपऱ्यात पांढरं नाव, काडीवर चंदेरी नाव, आत बारीक अक्षरांत आकडे, वर काळ्या रंगाचं पाकीट. भाव काही शे रुपयांत सुरू होतो आणि घासाघीस केली की आणखी उतरतो. अधिकृत दुकानात त्याच नावाच्या गॉगलला कित्येक हजार मोजावे लागतात. पदपथावरचा विक्रेता बहुतेक वेळा काही लपवतही नाही, ‘फर्स्ट कॉपी’ आहे असं तो सरळ सांगतो. खरी फसवणूक पुढच्या टप्प्यावर होते. तोच माल एखाद्या काचेच्या कपाटात, सवलतीच्या पाटीखाली किंवा फोनवरच्या जाहिरातीत अस्सल म्हणून विकला जातो, आणि भाव चार-पाच पट होतो.

नक्कल करणारा माणूस गिऱ्हाईक जिथे पाहतं तिथे खर्च करतो आणि जिथे पाहत नाही तिथे पैसे वाचवतो. या प्रकरणाचा सगळा भर या एका गोष्टीवर आहे. नाव आणि चकाकी यांची नक्कल स्वस्तात होते. चांगली काच, नीट बसणारी बिजागरी आणि चेहऱ्यावर टेकणारी फ्रेम यांची नक्कल स्वस्तात होत नाही. बनावट गॉगल ओळखायचा असेल तर तिथेच पाहावं लागतं, आणि तो नीट का बसत नाही, डोळे का राखत नाही, याचंही उत्तर तिथेच मिळतं.

उदाहरणासाठी एकच नमुना घेऊ: लिंकिंग रोडवर हमखास दिसणारा काळा वेफेरर, म्हणजे कंपनीच्या भाषेत आरबी २१४०.

खुणा, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

रेबॅन हे नाव अमेरिकेतल्या बॉश अँड लोम्ब या कंपनीचं. १९३७ मध्ये वैमानिकांसाठीचे गॉगल या नावाने बाजारात आले. १९५० च्या दशकात जाड काठांचा वेफेरर आला. १९९९ मध्ये हा व्यवसाय इटलीच्या लक्झॉटिका कंपनीने विकत घेतला. हा इतिहास इथे एका कारणासाठी उपयोगी आहे. जुन्या अमेरिकी गॉगलच्या काचेवर ‘बीएल’ ही अक्षरं कोरलेली असायची, आताच्या काचांवर ‘आरबी’ असतात. ‘नवा माल’ म्हणून विकलेल्या गॉगलवर आत ‘मेड इन यूएसए’ छापलेलं असेल, तर काहीतरी गडबड आहे हे लगेच कळतं.

उलट चूकही बरेच जण करतात. काडीच्या आत ‘मेड इन इटली’ नसेल तर माल नकली, असा समज पक्का आहे. तो बरोबर नाही. रेबॅनचे अस्सल गॉगल चीनमध्येही बनतात आणि आपल्या देशातही. राजस्थानातल्या भिवाडीला या कंपनीचा कारखाना आहे. तेव्हा ‘मेड इन इंडिया’ वाचून गॉगल खाली ठेवण्याचं कारण नाही, आणि ‘मेड इन इटली’ वाचून निश्चिंत होण्याचंही नाही. छापील अक्षरं कोणीही छापू शकतं.

अस्सल आरबी २१४० च्या एका काचेवर वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगात नाव छापलेलं असतं, आणि दुसऱ्या काचेच्या कडेला, बिजागरीजवळ, ‘आरबी’ ही दोन इवली अक्षरं कोरलेली असतात. कोरलेली म्हणजे रंगाने काढलेली नव्हेत. काच उजेडाकडे तिरकी धरली तरच ती दिसतात. त्यांवरून नख हळूच फिरवा. नकली काचेवर ही अक्षरं बऱ्याचदा छापलेली असतात आणि नखाने किंवा ओल्या कापडाने खरडली की त्यांची कड फाटू लागते. चांगल्या नकलेत तीही कोरलेली सापडतात. म्हणून ही खूण नसणं हा जोरदार पुरावा आहे, पण ती असणं हा पुरावा नव्हे. सगळ्याच खुणांना हा नियम लागू पडतो, आणि तो विसरला की माणूस फसतो.

आता डावी काडी उलटवून आतली ओळ वाचा. ती साधारण अशी असते: आरबी २१४०, मग रंगाचा आकडा ९०१, मग ५०, एक छोटा चौकोन, २२, आणि शेवटी ३एन. यातलं प्रत्येक अक्षर काहीतरी सांगतं. ९०१ म्हणजे काळा रंग. ५० म्हणजे काचेची रुंदी ५० मिलीमीटर. चौकोनानंतरचे २२ म्हणजे दोन काचांमधलं, नाकावरचं अंतर. ३एन मधला ३ हा काच किती उजेड आत सोडते त्याचा वर्ग, आणि ‘एन’ म्हणजे काच पोलराइज्ड नाही. पोलराइज्ड असेल तर तिथे ३पी येतं, आणि काचेवरच्या नावापुढेही ‘पी’ लागतो.

या ओळीतले आकडे एकमेकांशी आणि हातातल्या वस्तूशी जुळायला हवेत. नकली मालात ते बरेचदा जुळत नाहीत. काडीवर ३पी असतं पण काचेवर ‘पी’ नसतो. फ्रेम कासवी तपकिरी असते आणि आकडा काळ्या रंगाचा असतो. काडीवर एका नमुन्याचा क्रमांक असतो आणि आकार दुसऱ्याच नमुन्याचा. छपाईचा साचा एकदाच बनवून सगळ्या रंगांवर मारला की असं होतं. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होते. कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक शोधायचा, तिथले रंग आणि मापं पाहायची, आणि हातातल्या गॉगलशी ताडून पाहायची.

मोजपट्टी, बिजागरी आणि फ्रेमचं अंग

यापुढची तपासणी नक्कल करणाऱ्याला महागात पडणाऱ्या गोष्टींची आहे.

पहिली मोजपट्टी. शाळेच्या कंपासपेटीतली मिलीमीटरची पट्टी चालते. काचेच्या सर्वांत रुंद भागावर ती आडवी धरा. फ्रेमची कड धरू नका, फक्त काच मोजा. थोडा भाग खाचेत लपलेला असतो, म्हणून अर्धा-एक मिलीमीटर इकडेतिकडे होणारच. समजा, काडीवर ५० लिहिलं आहे आणि काच ५३ भरली, किंवा डावी ५२ आणि उजवी ५३ भरली, तर ती फ्रेम त्या आकड्याच्या साच्यातून निघालेली नाही. वेफेररचा ५०-२२ हा एक आकार आणि ५४-१८ हा दुसरा, मोठा आकार. नक्कल करणारा बहुधा एकच मधला साचा ठेवतो आणि त्यावर मागणी असेल तो आकडा छापतो.

दुसरी बिजागरी. अस्सल आरबी २१४० मध्ये ती धातूची असते, सात कड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि ती फ्रेमला रिव्हेट मारून बसवलेली असते. पुढच्या कोपऱ्यात दिसणारे छोटे चंदेरी तुकडे त्या जोडणीचेच भाग आहेत. काडी हळू उघडली की सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच रेटा लागतो, आणि अर्धवट उघडून सोडली तर ती तिथेच थांबते. नकली गॉगलमध्ये बिजागरी तापवून प्लॅस्टिकमध्ये रोवलेली असते, आणि पुढचे चंदेरी तुकडे नुसते चिकटवलेले असतात. त्यांचा आतल्या बिजागरीशी काहीच संबंध नसतो. काड्या एकतर लुळ्या पडतात किंवा शेवटी ‘टक्’ करून अडकतात.

तिसरं फ्रेमचं अंग. वेफेरर सेल्युलोज ॲसिटेटच्या जाड पत्र्यातून कापून, घासून, पॉलिश करून बनतो. म्हणून रंग वरवरचा नसतो, पूर्ण जाडीभर असतो. कासवी रंगाच्या फ्रेमच्या कडेकडे पाहिलं तर नक्षी आत शिरलेली दिसते. स्वस्त नक्कल साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक ओतून बनते. तिच्या कडेवरून बोट फिरवलं की साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेष जाणवते, आणि नक्षी फक्त वरच्या थरावर छापलेली असते.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. सांध्याची रेष म्हणजे नक्कल, असं सरसकट म्हणता येत नाही. रेबॅनचेच काही नमुने, उदाहरणार्थ जस्टिन नावाचा आरबी ४१६५, नायलॉनचे असतात आणि साच्यातच बनतात. त्यांची फ्रेम हलकी आणि मंद पोताची असते. म्हणून आधी त्या नमुन्याचं मूळ द्रव्य कोणतं हे पाहायचं, आणि मग हातातल्या वस्तूचा निवाडा करायचा. वेफेररच्या काचेबाबतही हेच. आरबी २१४० ची नेहमीची हिरवट काच ही खरी काच असते, प्लॅस्टिक नव्हे. ती हाताला गार लागते आणि नखाने टिचकी मारली की खणखणते. त्याच आकाराची प्लॅस्टिकची काच ‘टक’ असा बसका आवाज देते. पण जस्टिनमध्ये प्लॅस्टिकची काच असणं हीच अस्सलपणाची खूण आहे.

नीट का बसत नाही

चष्मा चेहऱ्यावर तीन जागी टेकतो: नाकावर आणि दोन्ही कानांच्या मागे. वजनाचा बहुतेक भार नाकावर येतो. काडीचं वळण कानाच्या मुळापाशी सुरू झालं पाहिजे. ते आधी सुरू झालं तर काडी कानावर चढते आणि गॉगल पुढे ढकलला जातो. नंतर सुरू झालं तर घाम आला की गॉगल नाकावरून घसरतो. आपल्या प्रत्येकाच्या कानाचं अंतर वेगळं असतं, इतकंच काय, एकाच माणसाचे दोन कानही बहुधा सारख्या उंचीवर नसतात. म्हणून चष्मेवाला फ्रेम गरम करून काडी वाकवून देतो.

ॲसिटेट या कामासाठी मुद्दाम वापरलं जातं. गरम हवेच्या यंत्रासमोर धरलं की ते मऊ होतं, हवं तसं वळतं आणि थंड झाल्यावर त्याच आकारात राहतं. काडीच्या पोटात धातूची तार असते, ती वळण धरून ठेवते. अर्धपारदर्शक काडीतून ही तार दिसते. स्वस्त साच्यातल्या प्लॅस्टिकला असं वागवता येत नाही. कमी तापवलं तर ते वळत नाही, जास्त तापवलं तर फुगतं किंवा पिळतं. आत तार नसेल तर आज वाकवलेली काडी चार दिवसांत परत सरळ होते. वांद्र्यातला असो की मुलुंडचा, अनुभवी चष्मेवाला अशी फ्रेम हातात घेताना ‘तुटली तर माझी जबाबदारी नाही’ असं आधीच सांगतो, ते याच कारणाने.

नंबरच्या चष्म्यात हे आणखी महागात पडतं. पुष्कळ जण पदपथावरून ब्रँडची नकली फ्रेम घेतात आणि तिच्यात आपल्या नंबरच्या काचा बसवतात. चांगला चष्मेवाला काच फ्रेमच्या खऱ्या आकाराप्रमाणे कापतो, त्यामुळे काडीवरच्या खोट्या आकड्याने दुकानात फार बिघडत नाही. पण तोच आकडा वाचून कोणी घरबसल्या काचा मागवल्या तर त्यांचा मध्य चुकतो. दुसरी अडचण फ्रेम चेहऱ्यावर तिरकी राहण्याची. समजा, तुमचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ४ आहे आणि काडी वळवता न आल्याने फ्रेमची एक बाजू दुसरीपेक्षा २ मिलीमीटर खाली बसते. काचेचा मध्य सेंटिमीटरमध्ये जितका सरकला, त्याला नंबरने गुणलं की प्रिझमचा परिणाम मिळतो. ०.२ गुणिले ४, म्हणजे ०.८ प्रिझम, आणि तोही उभ्या दिशेत. आडव्या दिशेतला फरक डोळे बऱ्यापैकी सांभाळून घेतात. उभ्या दिशेतला सांभाळणं त्यांना फार अवघड जातं, आणि संध्याकाळी कपाळ का ठणकतं याचं कारण लवकर सापडत नाही.

धातूच्या फ्रेममध्ये त्रास आणखी वेगळा आहे. स्वस्त मिश्रधातूत निकेल असतं आणि वरचा मुलामा पातळ असतो. मुंबईच्या दमट हवेत घामाने तो मुलामा लवकर जातो. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, त्यांना काडी टेकते त्या जागी, म्हणजे कानशिलावर आणि गालावर, खाजरा लाल पट्टा उमटतो. असा पट्टा गॉगलच्या काडीच्या आकाराचा दिसला की निदान सोपं असतं. तो गॉगल घालणं थांबवायचं.

काळी काच आणि अदृश्य किरण

आता सर्वांत महत्त्वाची बाब. काचेचा काळेपणा आणि अतिनील किरणांपासूनचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

काळेपणा मोजण्यासाठी ० ते ४ असे वर्ग आहेत. तिसऱ्या वर्गाची काच दिसणाऱ्या उजेडापैकी ८ ते १८ टक्के आत सोडते. वेफेररच्या हिरवट काचेला जी-१५ म्हणतात, कारण ती साधारण १५ टक्के उजेड सोडते. तेव्हा काडीवरच्या ३एन मधला ३ तिच्याशी जुळतो. चौथ्या वर्गाची काच ३ ते ८ टक्केच सोडते. ती बर्फाळ डोंगरांसाठी असते आणि ती घालून गाडी चालवायची नसते. पदपथावरच्या ‘एकदम डार्क’ गॉगलवर वर्ग लिहिलेलाच नसतो किंवा सगळ्यांवर एकच छापलेला असतो. दुपारी कडक उन्हातून एखाद्या भुयारी मार्गात किंवा पुलाखाली दुचाकी शिरली की अशा काचेमागे काही क्षण काहीच दिसत नाही.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हात ते साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटर लांबीचे असतात. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या माऱ्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळावर चढणारी मांसल वाढ होते. आयुष्यभर समुद्रावर किंवा शेतात काम करणाऱ्यांमध्ये ही वाढ जास्त दिसते. चिंबई किंवा खार दांड्याच्या कोळीवाड्यातल्या माणसाला वरून ऊन लागतं आणि पाण्यावरून, वाळूवरूनही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो.

नकली गॉगलची काच हे किरण अडवते का? याचं प्रामाणिक उत्तर आहे: ते काच कशाची आहे यावर अवलंबून आहे. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक स्वभावानेच अतिनील किरण अडवतं, रंग असो वा नसो. त्यामुळे स्वस्त गॉगल तपासले तर त्यांतले बरेच या कसोटीला उतरतात. ॲक्रिलिकचं तसं नाही. त्यात खास द्रव्य मिसळलं नसेल तर या किरणांचा मोठा भाग आरपार जातो. साधी काच त्यातले आखूड किरण अडवते, पण ३५० नॅनोमीटरच्या पुढचे बरेच सोडते. अस्सल कंपनी कोणतं द्रव्य वापरते हे ठरलेलं असतं आणि ते तपासलं जातं. नकली मालात या खेपेला पॉलिकार्बोनेट आणि पुढच्या खेपेला ॲक्रिलिक येऊ शकतं, आणि दोघांवर ‘यूव्ही ४००’ चं तेच स्टिकर असतं. धोका इथे आहे.

आता एक हिशोब. कडक उन्हात आपली बाहुली आक्रसते आणि आपण डोळे बारीक करतो. ही शरीराची स्वतःची ढाल आहे. काळी काच लावली की बाहुली मोठी होते आणि पापण्या सैल पडतात. समजा, बाहुलीचा व्यास ३ मिलीमीटरवरून ४ झाला. क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणजे ९ वरून १६, जवळपास पावणेदोन पट. काच अतिनील किरणांपैकी निम्मेच अडवत असेल, तर अर्ध्याला पावणेदोनने गुणून उत्तर येतं सुमारे ०.९. गॉगल घालूनही डोळ्याच्या आत जवळपास उघड्या डोळ्याइतकेच किरण गेले, आणि डोळे बारीक करणं थांबल्याचा भाग तर यात धरलेलाच नाही. वर ऊन खुपत नाही म्हणून माणूस जास्त वेळ उन्हात राहतो. लहान मुलांच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे, कारण त्यांच्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जास्त नितळ असतं आणि त्यातून अतिनील किरण अधिक आत जातात. जत्रेतले, स्टँडवरचे खेळण्यातले गॉगल मुलांना तासन्‌तास उन्हात घालू देऊ नयेत.

फ्रेम नीट न बसण्याचा संबंधही इथे येतो. गॉगल घसरून नाकाच्या मध्यावर आला की वरून भुवईच्या बाजूने आणि कडेने ऊन थेट आत येतं. मागून आलेला उजेड काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात परततो. काच कितीही चांगली असली तरी वाट तिच्या बाजूने असेल तर ती काही करू शकत नाही.

नोटेवरची चाचणी

विक्रेते गिऱ्हाइकाला दोन प्रयोग दाखवतात. एकात एक पत्ता असतो, त्यावरचं लपलेलं चित्र गॉगलमधून पाहिल्यावरच दिसतं. दुसऱ्यात जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी काचेतून एका पांढऱ्या कार्डावर मारतात. पहिला प्रयोग काच पोलराइज्ड आहे एवढंच सांगतो. पोलराइज्ड काच पाण्यावरची आणि डांबरी रस्त्यावरची चमक कापते. अतिनील किरणांशी तिचा संबंध नाही. दुसऱ्या बॅटरीचा उजेड बहुधा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, म्हणजे दिसणारा जांभळा. तोही अतिनील नव्हे.

घरी करता येण्याजोगी चाचणी थोडी वेगळी आहे. ३६५ नॅनोमीटर असं स्पष्ट लिहिलेली बॅटरी घ्या. ३९५ ची स्वस्त बॅटरी चालणार नाही, कारण ३८० पर्यंत नीट अडवणारी चांगली काचही तिचा उजेड सोडेल. अंधाऱ्या खोलीत एक भारतीय नोट ठेवा. तिचा क्रमांक चमकणाऱ्या शाईत छापलेला असतो आणि कागदात चमकणारे तंतू असतात. बॅटरी मारली की दोन्ही उजळतात. आता बॅटरी आणि नोट यांच्यामध्ये गॉगलची काच धरा. नोटेकडे मात्र काचेतून पाहू नका, बाजूने थेट पाहा. नाहीतर काळ्या काचेमुळे चमक मंद वाटेल आणि फसाल. काच चांगली असेल तर चमक पूर्ण विझते. ती नुसती मंद झाली तर काच अतिनील किरण सोडते आहे. बॅटरीच्या झोताकडे कधीही थेट पाहू नका आणि तो कोणाच्या डोळ्यावर मारू नका.

या चाचणीची मर्यादा ध्यानात ठेवा. ती नापास झालेली काच वाईट हे नक्की सांगते. पास झालेल्या काचेबद्दल ती एकाच लांबीचं सांगते, आणि गॉगल अस्सल की नकली हे तर सांगतच नाही. पक्कं उत्तर चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावर मिळतं. अनेक दुकानांत काच किती टक्के उजेड आणि किती टक्के अतिनील किरण सोडते हे दाखवणारं छोटं यंत्र असतं, आणि नेहमीचे चष्मेवाले मिनिटभरात आकडा काढून देतात.

तिथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. बिननंबरी गॉगलच्या काचेत नंबर नसायला हवा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात साधारण ०.१२ पर्यंतची चूक चालते. नंबर मोजायच्या यंत्रावर काच ठेवली की ते कळतं. घरी पाहायचं तर गॉगल हातभर लांब धरा, खिडकीच्या गजाची सरळ रेघ काचेतून पाहा आणि गॉगल हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. रेघ वाकली, लचकली किंवा तुटल्यासारखी दिसली, तर काचेची जाडी सगळीकडे सारखी नाही. स्वस्त काच साच्यातून घाईने काढली की आत ताण राहतो आणि हा दोष येतो. अशा काचेतून वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तासभर गाडी चालवली की डोळे सतत जुळवून घेत राहतात आणि थकतात.

पैसे कुठे घालावेत

ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या १०३ आणि १०४ या कलमांनुसार खोटं व्यापारचिन्ह लावणं आणि तसा माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी आहे. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र खरं शस्त्र पावतीचं असतं. अस्सल म्हणून भारी भावाने विकलेला गॉगल नकली निघाला, तर नमुना क्रमांक लिहिलेली पावती दाखवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. पावतीवर नुसतं ‘गॉगल १ नग’ लिहिलेलं असेल तर कोणतं नाव सांगून विकला हे सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून पैसे देण्यापूर्वी क्रमांक लिहून घ्यायचा. जो दुकानदार तो लिहायला कचरतो, त्याच्याकडून माल घेऊ नये.

आणि ब्रँड परवडत नसेल तर? नावाचे पैसे वाचवले म्हणून डोळ्यांचं काही बिघडत नाही. चष्म्याच्या दुकानात कमी प्रसिद्ध देशी कंपन्यांचे गॉगल मिळतात. त्यांवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, काच कशाची आहे ते सांगता येतं, आणि काडी तुमच्या कानाप्रमाणे वळवून मिळते. वर्ग २ किंवा ३ ची पॉलिकार्बोनेटची काच, रुंद काड्या, भुवईजवळ फट न ठेवणारी फ्रेम, आणि यंत्रावर शून्याजवळ आलेला अतिनील आकडा, एवढं जुळलं की तो गॉगल लिंकिंग रोडच्या कोणत्याही ‘फर्स्ट कॉपी’पेक्षा सरस ठरतो. घरात आधीच एखादी नक्कल असेल तर ती फेकण्याआधी यंत्रावर ठेवून पाहा. आकडा चांगला आला, रेघ सरळ दिसली आणि गॉगल नाकावर टिकला, तर तो वापरायला हरकत नाही. आकडा वाईट आला, तर तो गॉगल उन्हात घालण्यापेक्षा रुंद काठाची टोपी बरी.